कथा : न उघडलेली मेल, आणि एका अक्षराची अडचण

पेठकरीण

नमस्कार मंडळी. सोलापुरात घडणारी एक लघुकथा लिहिली आहे. कथा खाली पूर्ण देत आहे. ती आवडली की नाही, हे सांगाच. परंतु माझी खरी अडचण शेवटाजवळच्या दोन ओळींची आहे. त्या ओळी संगणकाच्या दृष्टीने खऱ्या वाटतात का, आणि खऱ्या वाटत नसतील तर काय केल्याने वाटतील, एवढे जाणकारांनी सांगावे.

*न उघडलेले*

जुना टीव्ही काढून नवा बसवायला पुतण्या आला होता. जुन्यावरून खाते काढून टाकावे म्हणून त्याने पडद्यावरच्या गोल V वर बोट दाखवले आणि विचारले, "काकू, हे खाते कोणाचे?"

विजयाला आठवेना. मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरायला ती २००९ साली नवी पेठेतल्या एका सायबर कॅफेत गेली होती, तेव्हा तिथल्या पोराने तिच्या नावाने खाते उघडून दिले होते. पासवर्ड विजेच्या बिलाच्या मागे लिहिला होता. पुढे घरी टीव्ही आला तेव्हा मुलीने तेच खाते त्यात घातले आणि सगळे जण त्यावर भजने, रेसिपी, कधी नाटके बघत राहिले. त्या खात्याला टपालपेटीही आहे, हे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही.

पुतण्याने फोनवर मेल उघडली. न वाचलेल्या चौदाशेच्या वर होत्या. कर्जाच्या, साड्यांच्या, नोकरीच्या. तो खाली खाली सरकत सर्वांत जुन्या पानावर गेला आणि थांबला. पाठवणाऱ्याच्या जागी इचलकरंजीच्या एका सूतगिरणीचा पत्ता होता, तारीख ६ जानेवारी २०१० आणि विषयाच्या जागी असे :

`à¤¤à¤¾à¤ˆ`

विजयाने चष्मा पुढे ओढला. ही ओळ तिने पाहिली होती. कॅफेत निकाल बघायला गेली असताना यादीत ती दिसली होती, आणि "असल्या मेलला हात लावू नका बाई, व्हायरस असतो," असे त्या पोराने सांगितले होते. म्हणून तिने हात लावला नव्हता.

इचलकरंजीत तिचा भाऊ होता. वडील गेल्यावर २००८ साली तिने साखर पेठेतल्या घरावरचे हक्कसोडपत्र करून दिले होते. दोन खोल्या पुढे, आणि मागे पूर्वी माग असलेली शेड, जिचेही पुढे भाड्याचे घर झाले. सही करताना ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी मुलीची फी भरताना तंगी आली, तेव्हा भाऊबीजेला तिने भावाला पत्र टाकले, खाली मेलचा नवा पत्ताही लिहिला. उत्तर आले नाही. त्यानंतर भावाचे नाव घरात निघाले की ती उठून ओट्यापाशी जायची.

पुतण्या बाजूला बसून फोनवर काहीतरी करत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "काकू, हे मराठीच आहे. बिघडलेय नुसते. पूर्ण नाही निघत, पण बघा."

*ताई, घर वि□ले आहे. गड्ड्याला ये.*

"या चौकटीत क आहे की ण, ते कळत नाही," तो म्हणाला. विकले की विणले. विजयाने फोन त्याच्या हातात परत दिला. बाहेर शेजारीण उन्हात कडक भाकऱ्या वाळत घालत होती.

"टीव्ही लाव," विजया म्हणाली. "पण ते खाते काढू नकोस."

---

कंबरतलाव

कथा छान आहे, पण पायाच कच्चा आहे. दोन वर्षे न वापरलेली खाती गूगलने केव्हाच पुसून टाकली आहेत. ही बातमी सर्व वर्तमानपत्रांत आली होती. त्यामुळे २००९ साली उघडून विसरलेले खाते आज उघडणे शक्यच नाही. कथेचा काळ मागे न्यावा लागेल.

शेंगाचटणी

पेठकरीणताई, काळजी करू नका, खाते परत मिळते. प्रथम साइन-इनच्या पानावर जाऊन "Forgot password" वर टिचकी मारा. जुना फोन क्रमांक चालू असेल तर त्यावर सांकेतिक अंक येतात. तो बंद असेल तर पूर्वी ज्या घरातून आणि ज्या संगणकावरून लॉग-इन करत होतात तिथूनच प्रयत्न करा, यश येण्याची शक्यता वाढते. भावाशी मात्र बोलून घ्या. अशा गोष्टी मनात ठेवू नयेत.

पेठकरीण

शेंगाचटणी, आपल्या आस्थेबद्दल आभार. परंतु ही कथा आहे. विजया मी नव्हे, आणि मला भाऊ नाही.

जुन्यातारा

मी बावीस वर्षे मेलच्या यंत्रणा सांभाळण्याचेच काम करतो, म्हणून लिहितो. मोठे होईल, माफ करा.

कंबरतलाव म्हणतात ते अर्धे खरे आहे. गूगलने तो नियम मे २०२३ मध्ये जाहीर केला आणि डिसेंबर २०२३ पासून खाती काढण्यास सुरुवात झाली. परंतु नियम खात्याच्या वापराविषयी आहे, मेलच्या वापराविषयी नाही. त्या खात्याने लॉग-इन असताना यूट्यूबवर चित्रफीत पाहिली तरी तो वापरच धरला जातो. विजयाच्या घरात सगळे त्याच खात्यावर भजने ऐकत होते, म्हणजे खाते एक दिवसही झोपलेले नव्हते. विसरली गेली ती फक्त टपालपेटी. लेखिकेने हे जाणून केले की अजाणता, ते ठाऊक नाही, पण कथेतली ती सर्वांत पक्की वीट आहे. मी असतो तर ती आणखी थोडी पुढे आणली असती.

मेल इनबॉक्समध्ये पडली होती, हेही बरोबर. ती स्पॅममध्ये गेली असती तर तीस दिवसांत आपोआप नष्ट झाली असती आणि कथाच उरली नसती.

आता मूळ प्रश्न. विषयाची ओळ आपण अगदी बिनचूक लिहिली आहे, आणि त्या मानाने पुढची ओळ पूर्ण चुकली आहे. `à¤¤à¤¾à¤ˆ` हे खरोखरच "ताई" आहे. युनिकोडमधले देवनागरीचे प्रत्येक चिन्ह मेलमधून जाताना तीन तुकड्यांत जाते. पाठवणाऱ्या किंवा मधल्या एखाद्या जुन्या यंत्रणेने ते तुकडे पाश्चात्त्य लिपीचे समजून वाचले, तर प्रत्येक तुकड्याचे एक स्वतंत्र अक्षर होते. "ताई" मध्ये त, काना आणि ई अशी तीन चिन्हे आहेत, म्हणून पडद्यावर नऊ दिसतात. मोजून पाहा. देवनागरीतल्या कोणत्याही चिन्हाचे पहिले दोन तुकडे नेहमी `à¤` किंवा `à¥` असेच दिसतात, फरक फक्त तिसऱ्यात असतो. त्यामुळे हा कचरा नजरेला सरावला की लगेच ओळखू येतो. कॅफेतल्या पोराला व्हायरस वाटला, त्यात त्याचा दोष नाही. त्या काळी असे मजकूर रोज यायचे.

पुतण्याने काय केले असेल, तेही दोन ओळींचे आहे :

```
s = "à¤¤à¤¾à¤ˆ"
print(s.encode("cp1252").decode("utf-8"))
```

याचे उत्तर "ताई" असेच येते. मग "पूर्ण नाही निघत" असे का व्हावे? तर cp1252 या जुन्या पाश्चात्त्य अक्षरांच्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. त्या पाच जागांवर येणाऱ्या तिसऱ्या तुकड्याला दिसणारे चिन्हच नाही, म्हणून काही यंत्रणा तो तुकडा गाळून टाकतात. आणि ज्यांचा तिसरा तुकडा तिथे पडतो ती देवनागरी चिन्हे मोजकी आहेत. नेहमीच्या मराठीत त्यांतली पाच लागतात : ए, ऐ, झ, उकार, आणि पाय मोडण्याचे चिन्ह. चंद्रबिंदू आणि ऍ यांचीही तीच गत होते, पण ती क्वचित येतात.

म्हणजे "क" कधीच हरवणार नाही. "ण"ही नाही. आपली चौकट चुकीच्या अक्षरावर पडली आहे. उलट संक्रांतीच्या जत्रेचा "गड्ड्याला" हा शब्द आपण स्वच्छ छापला आहे आणि त्यातच दोन पाय मोडलेले आहेत. खरी मेल असती तर घर शाबूत राहिले असते आणि गड्ड्याला भोके पडली असती.

होटगीरोड

माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत घडलेले सांगते. ते गेल्यावर त्यांच्या एका जुन्या मेलखात्यात विम्याची कागदपत्रे असल्याचे लक्षात आले. सेवा कोणती, ते लिहीत नाही. आम्ही मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, सगळे पाठवले. चार महिन्यांनी उत्तर आले की वापर नसल्यामुळे खात्यातील मजकूर काढून टाकण्यात आला आहे आणि तो परत मिळणार नाही. खाते उघडले, पण आत काही नव्हते. रिकाम्या पेटीत "स्वागत आहे" अशी एकच मेल होती, तीसुद्धा नव्याने आलेली. त्यामुळे ही कथा वाचताना मला विजयाचा हेवाच वाटला. निदान तिला भोके पडलेले का होईना, काहीतरी मिळाले.

जुना वाचक

तांत्रिक बाजूत मला गती नाही. कथेविषयी बोलतो. "घर विणले आहे" हे कोणताही मराठी माणूस म्हणणार नाही, सोलापूरचा तर नाहीच. माग, शेड, विणणे अशी प्रतिमा जुळवण्याच्या मोहात लेखिका पडल्या आहेत. भावाने गिरणीत बसून घाईघाईने टंकलेली मेल आहे ती. तो कविता करणार नाही. त्यामुळे वाचकाला पहिल्या क्षणीच कळते की शब्द "विकले" आहे, आणि संदिग्धता नुसती लेखिकेच्या मनात उरते. जुन्यातारा म्हणतात त्याप्रमाणे तो क हरवूच शकत नसेल, तर मला आनंदच आहे. संगणकाने समीक्षकाचे काम केले.

दुसरे, शेजारणीच्या कडक भाकऱ्या काढून टाका. सोलापूर आहे हे साखर पेठेने आणि गड्ड्याने सांगितलेच आहे.

शेंगाचटणी

कडक भाकऱ्या राहू द्याव्यात, ही नम्र विनंती.

पेठकरीण

जुना वाचक, "विणले" बद्दल मान खाली घालते. तो शब्द सुचला त्या रात्री फार बरे वाटले होते, तेव्हाच संशय यायला हवा होता.

जुन्यातारा, आपला प्रतिसाद तीनदा वाचला. एक स्पष्ट करा. ए, ऐ, झ, उकार आणि पायमोड एवढेच जर हरवत असेल, तर पुढचे-मागचे पाहून कोणीही ते भरून काढील. "मा□े" असेल तर ते "माझे"च असणार. मग संदिग्धता शिल्लकच राहत नाही. म्हणजे माझी कथा तंत्रात बसवायची तर तिचा शेवट गमवावा लागेल का?

जुन्यातारा

बहुतेक ठिकाणी आपण म्हणता तसेच होईल. शिवाय भोक कोणत्या गटातले आहे, तेही मूळ कचऱ्यात दिसते. `à¤` एवढेच उरले असेल तर ए, ऐ किंवा झ, आणि `à¥` उरले असेल तर उकार किंवा पायमोड. सराव असलेला माणूस नव्वद टक्के पत्र वाचून काढतो. ठ ची आणखी एक गंमत आहे. त्याचा तिसरा तुकडा न दिसणारी मोकळी जागा असतो आणि कॉपी करताना साध्या जागेत बदलतो, म्हणून "उठ" च्या जागी कधी कधी नुसता "उ" आणि मागे कचरा राहतो. पण तुमच्या मेलमध्ये ठ नाही, तेव्हा ते सोडा.

मात्र एक जोडी अशी आहे की तिथे सराव उपयोगी पडत नाही. ए आणि ऐ दोन्ही हरवतात, आणि दोघांचेही उरलेले तुकडे सारखेच दिसतात. "एक" लिहा किंवा "ऐक" लिहा, पडद्यावर हेच उरते :

`à¤à¤•`

पाच चिन्हे, दोन्हींसाठी तीच. त्यावरून मागे जाण्याचा मार्ग नाही. (नियमाने पाहिले तर "झक"सुद्धा होऊ शकते, पण बहिणीला लिहिलेल्या मेलमध्ये ती शक्यता आपण बाजूला ठेवू.)

जुना वाचक

थांबा. एक घर आणि ऐक, घर.

पेठकरीण

अंगावर काटा आला.

"ताई एक घर तुझे आहे." "ताई ऐक घर तुझे आहे." घाईत टंकलेल्या मेलमध्ये स्वल्पविराम असणारच नाही. आणि साखर पेठेत घरे दोन आहेत : वडिलांच्या पुढच्या दोन खोल्या आणि मागच्या शेडचे झालेले घर. पहिल्या वाचनात भाऊ मागची शेड तिला देतो आहे. दुसऱ्यात सगळेच.

कंबरतलाव

पण त्याने फरक काय पडतो? हक्कसोडपत्र नोंदणीकृत असेल तर ते एका मेलने रद्द होत नाही. स्थावर मिळकत द्यायची तर नव्याने दस्त करून नोंदवावा लागतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, हे खरे; परंतु तो तिने स्वतःच्या सहीने सोडला आहे. कायद्याच्या दृष्टीने "एक" असो की "ऐक", मेलची किंमत शून्य आहे.

होटगीरोड

कंबरतलाव, आपले कायद्याचे म्हणणे मान्य आहे. पण विजया तलाठ्याकडे चाललेली नाही. भाऊ पत्राला उत्तर देत नाही, असे समजून तिने इतकी वर्षे काढली. त्याने दिलेले उत्तर अर्धे होते की पूर्ण, हा तिचा प्रश्न आहे. आमच्याकडे तीन नणंदांनी हक्कसोड केले. त्यांतल्या एकीला भावाने नंतर नुसते "तुला काही हवे होते का" एवढे विचारले, तर ती पाच मिनिटे रडत होती. घेतले काहीच नाही.

जुन्यातारा

कायद्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण कथा लिहिताना आणखी एक निर्णय करावा लागेल, तो आताच सांगून ठेवतो, नाहीतर एखादा वाचक नंतर पकडील.

तो तिसरा तुकडा नेमका कुठे हरवला? सगळ्या यंत्रणा तो गाळत नाहीत. कित्येक यंत्रणा त्याला न दिसणारे चिन्ह म्हणून तसाच जपतात. डोळ्यांना भोक दिसते, पण आत अक्षर जिवंत असते. तो सूतगिरणीच्या यंत्रणेतच गळला असेल, तर विषय संपला. जगात ते अक्षर कुठेच नाही. पण पुतण्याने मजकूर फोनवरून कॉपी करून दुसरीकडे चिकटवला असेल आणि तुकडा तिथे गळला असेल, तर मूळ मेल अजून शाबूत आहे. संगणकावर ती उघडून मेनूतून "Show original" निवडले की आत काय आहे ते दिसेल, आणि एक की ऐक, याचा निकाल दोन मिनिटांत लागेल.

म्हणजे पहिल्या प्रकारात विजयाला कळू शकत नाही. दुसऱ्या प्रकारात कळू शकते, पण तिने विचारायला हवे. या दोन वेगळ्या बायका आहेत.

जुना वाचक

दुसरी. निःसंशय दुसरी.

होटगीरोड

मला पहिली पटते. दुसऱ्या प्रकारात वाचकाला ती हट्टी वाटेल. कळत असताना का बघत नाही, असे प्रत्येक जण म्हणेल. आमच्या सासऱ्यांच्या रिकाम्या पेटीने मला एवढे शिकवले की जे मिळणार नाही हे पक्के ठाऊक असते, त्याच्याबरोबर माणूस राहू शकतो.

जुना वाचक

हट्टी वाटू द्या की. भावाचे नाव निघाले की उठून ओट्यापाशी जाणारी बाई हट्टीच आहे. लेखिकेनेच ती तशी उभी केली आहे. शिवाय फोन करून भावाला विचारता येतेच, तेव्हा "कधीच कळणार नाही" हे पहिल्या प्रकारातही खरे नाही. भाऊ जिवंत आहे ना? कथेत त्याचा उल्लेख नाही.

पेठकरीण

जिवंत आहे. ते मी मुद्दाम लिहिले नव्हते, पण आता वाटते की एका वाक्यात लिहायला हवे, नाहीतर वाचक त्याला मारून टाकतील. त्याने विजयाच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या कडेला उभे राहून अक्षता टाकल्या आणि जेवण न करता गेला, असे काहीतरी. आणि विजयाने त्याला थांबवले नाही. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याने मेल केली, गड्ड्याला बोलावले, आणि बहीण आली नाही. तोही इतकी वर्षे एका उत्तराची वाटच पाहत होता. हे मला पहिल्या खर्ड्यात सुचलेच नव्हते.

शेवटचा भाग नव्याने लिहिला आहे :

*पुतण्या बाजूला बसून फोनवर काहीतरी करत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "काकू, हे मराठीच आहे. मधली अक्षरे गळलीत, पण बघा."*

*ताई □क घर त□□े आहे. गड□ड□याला ये*

*विजयाने ते मनात वाचले. भोके पडलेल्या गड्ड्यावर ती थोडी थांबली, मग तिला तो शब्द लागला. त्या वर्षी नंदीध्वज निघाले तेव्हा ती घरात होती, गल्लीतून हलग्यांचा आवाज येत होता, आणि तिने खिडकी लावून घेतली होती.*

*"तुझे, आहे ते," पुतण्या बोट ठेवत म्हणाला. "उकार आणि झ गेलाय. पण हे पहिले लागत नाही. एक असेल किंवा ऐक असेल. मोबाइलवर कॉपी करताना गेले असेल तर संगणकावर मूळ मेल उघडून बघता येईल. बघू का?"*

*विजया काही बोलली नाही. तिने तो शब्द आधी एका तऱ्हेने म्हणून पाहिला, मग दुसऱ्या. ऐक म्हणताना आवाज भावाचा झाला. लहानपणी मागाच्या खटखटाटात काही सांगायचे असले की तो आधी तिची बाही ओढायचा आणि मग तोच शब्द म्हणायचा.*

*"टीव्ही लाव," ती म्हणाली. "आणि ते खाते काढू नकोस."*

जुना वाचक

"ऐक म्हणताना आवाज भावाचा झाला" इथे थांबता आले असते. पण बाहीसाठी मी ते माफ करतो.

जुन्यातारा

तांत्रिकदृष्ट्या आता काही म्हणणे नाही. फक्त "गड्ड्याला" मधली दोन भोके बरोबर जागी आहेत का, ते मी मोजून पाहिले. आहेत. "तुझे" मधलीही. "ये" शाबूत राहिला, कारण त्यात य आणि मात्रा आहे, ए नाही. हे कोणाच्या लक्षात येणार नाही, पण मला बरे वाटले.

कंबरतलाव

यूट्यूबमुळे खाते जिवंत राहते हे मला माहीत नव्हते, ते मान्य करतो. पण तिने संगणकावर बघायलाच हवे होते, हे माझे मत कायम आहे.

होटगीरोड

माझेही कायम आहे, की तिला ते कळूच शकू नये. पेठकरीण, छापायला देताना दोन्हींपैकी कोणती ठेवलीत, ते इथे कळवा.

शेंगाचटणी

कडक भाकऱ्या काढल्यात, ते दिसले.

पेठकरीण

त्या आता ओट्यावर आहेत, कथेत नाहीत. बाकी, ते मूळ मेल उघडून बघण्याचे वाक्य मी दोनदा काढले आणि दोनदा परत घातले. या क्षणी ते आहे.